थकवा की डिप्रेशन: विश्रांती मिळाल्यावर काय होतं ते बघा

प्रश्न: बाळ नऊ आठवड्यांचं आहे. मी सतत रडवेली नाहीतर चिडलेली असते, बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. नवरा म्हणतो थकवा आहे, सगळ्यांनाच होतो, बाळ रात्री नीट झोपायला लागलं की आपोआप जाईल. मला वाटतंय काहीतरी वेगळं आहे पण नेमकं सांगता येत नाही. हे डिप्रेशन आहे की मी उगाच बाऊ करतेय? उत्तर नवऱ्यालाही वाचायला देणार आहे.

उत्तर:

मी सायकिॲट्रिस्ट आहे. नुकत्याच बाळंत झालेल्या बायका आणि त्यांचे नवरे माझ्याकडे बरेच येतात आणि हाच वाद माझ्यासमोर बसून घालतात. तुमच्याशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय हे डिप्रेशन आहे असं मी इथून सांगणार नाही, ते बरोबरही होणार नाही. पण बाळ झोपलं तरी झोप लागत नाही हे जे तुम्ही लिहिलंय ना, ते मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुम्ही दोघंही असं धरून चाललाय की थकवा किंवा डिप्रेशन, दोन्हीतलं एकच काहीतरी असणार. तसं नसतं. नऊ आठवड्यांच्या बाळाची आई थकलेली असणारच, तुमचे मिस्टर ते अजिबात चुकीचं सांगत नाहीयेत. म्हणूनच "किती थकलीयेस" या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही, कारण डिप्रेशन असलेली आणि नसलेली अशा दोघीही "खूप" असंच म्हणणार. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायला आम्ही जगभर जी एडिनबरा प्रश्नावली वापरतो ती १९८७ साली आली, त्यात दहा प्रश्न आहेत आणि सगळे गेल्या सात दिवसांबद्दलचे. त्यात थकवा येतो का, भूक कमी झालीय का असे प्रश्न मुद्दाम ठेवलेले नाहीत. झोपेबद्दल एकच प्रश्न आहे, तोसुद्धा असा की मन इतकं उदास असतं का की त्यामुळे झोप लागत नाही. बाळ उठवतं म्हणून झोप होत नाही ही गोष्ट त्यात धरलेलीच नाही.

मग बघायचं काय, तर विश्रांती मिळाल्यावर काय होतं ते. नुसता थकवा असेल तर पाठ टेकली की झोप लागते, कुठेही, कशीही, आणि उठल्यावर थोडा वेळ का होईना माणूस परत आपल्यासारखा होतो, काहीतरी खावंसं वाटतं, बाळाने जांभई दिली तरी हसू येतं, नवऱ्यावर काढलेला राग आठवून जरा ओशाळल्यासारखं होतं. डिप्रेशनमध्ये दोन गोष्टी दिसतात. एक तर झोपायची संधी असून झोप लागत नाही, डोकं चालूच राहतं, किंवा पहाटे तीन-चारला जाग येते आणि छातीत धस्स होतं. दुसरं म्हणजे झोप झाली तरी आतलं काही हलत नाही, चार तास झोपून उठल्यावरसुद्धा दिवस तितकाच जड वाटतो.

कालावधीबद्दल एवढंच, की बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होणारं रडू, कारण नसताना डोळे भरून येणं, क्षणात बरं क्षणात वाईट, हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत आपलं आपण ओसरतं, त्याला बेबी ब्लूज म्हणतात. नऊ आठवडे झाल्यावर ते कारण देता येत नाही. त्यामुळे तुमचं हे पहिल्या आठवड्यापासून चालूच आहे, की मध्ये चांगलं होतं आणि नंतर सुरू झालं, की गरोदरपणातच सुरुवात झाली होती, हे आठवून ठेवा. डॉक्टर विचारतील. तिन्ही प्रकारे डिप्रेशन सुरू होऊ शकतं, पहिल्या वर्षात कधीही.

आता एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, पण गाभा तोच आहे. बाळ अकरा आठवड्यांचं होतं. नवरा तयारीनिशी आला होता, मोबाईलमध्ये ॲप होतं, बाळ कधी प्यालं, कधी झोपलं, सगळ्याची नोंद. अतिशय काळजी घेणारा माणूस. त्याने मला स्क्रीन दाखवली की डॉक्टर बघा, बाळ अकराला झोपतं ते अडीचला उठतं, म्हणजे हिला सलग साडेतीन तास मिळतात, शिवाय दुपारी दीड तास, तरी ही म्हणते झोप नाही. मी तिला विचारलं, काल रात्री अकरा ते अडीच तू काय करत होतीस? ती म्हणाली, बाळाचा श्वास ऐकत होते. ऐकू आला नाही की उठून नाकाशी बोट धरायचं, परत आडवं व्हायचं, परत उठायचं. मग दोन वाजले की वाटायचं आता अर्ध्या तासात उठेलच, झोपून काय उपयोग. नवऱ्याने ॲपकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याच्या नोंदीत बाळाची झोप होती, तिची नव्हतीच.

मी त्यांना जे करायला सांगितलं ते तुम्हीही करू शकता, फक्त मरणाचे विचार येत असतील तर या प्रयोगात एकही दिवस घालवू नका, त्याबद्दल खाली लिहितेय. तीन-चार रात्री ठरवून आईला सलग पाच तास द्यायचे. वेगळी खोली, शक्य तितकी लांब, बाळाचा आवाज ऐकवणारा मॉनिटर तिच्या खोलीत नको, आणि त्या वेळात बाळाची पूर्ण जबाबदारी दुसऱ्याची. पूर्ण म्हणजे "रडलं तर उठवतो" असं नाही, तसं असलं की ती झोपतच नाही, कान तिकडेच लागलेले असतात. अंगावर पाजत असाल तर झोपायच्या जरा आधी पाजा, मधल्या एका वेळचं दूध आधी काढून ठेवा किंवा बाळाच्या डॉक्टरांना विचारून वरचं द्या. छाती दाटून दुखायला लागली तर उठून थोडं दूध काढून परत झोपा, कळ काढत पडून राहू नका. आणि सकाळी उठल्यावर दोनच गोष्टी लिहायच्या: खरोखर किती झोप लागली आणि पुढचे दोन-तीन तास मन कसं होतं.

ज्या बाईला फक्त झोपेची थकबाकी असते ती पहिल्या रात्री कदाचित काळजीने जागी राहते, पण दुसऱ्या-तिसऱ्या रात्री गाढ झोपते आणि चौथ्या दिवशी नवरा सांगतो की घरातला आवाजच बदलला. पूर्ण बरं नाही वाटत, पण फरक कळतो. माझ्या त्या पेशंटचं तसं झालं नाही. तिसऱ्या रात्री नऊ ते दोन ती एकटी खोलीत होती, जेमतेम दीड तास झोप लागली, बाकी वेळ छताकडे बघत पडली होती, आणि सकाळी तिने जे लिहिलं ते तिने मला वाचून दाखवलं: "बाळ शांत होतं, सगळं नीट झालं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं की माझ्याशिवाय त्याचं काहीच अडत नाही, उलट मी नसले तर जास्त चांगलं."

या वाक्यापाशी थकवा आणि डिप्रेशन वेगळे होतात. थकलेली बाई म्हणते मला जमत नाहीये, कोणीतरी थोडा वेळ घ्या याला. डिप्रेशनमधली बाई म्हणते मीच चांगली आई नाहीये, याला दुसरी कोणी मिळायला हवी होती. पहिलीची तक्रार परिस्थितीबद्दल असते आणि परिस्थिती बदलली की कमी होते. दुसरीने स्वतःलाच आरोपी केलेलं असतं आणि मदत मिळाली तर तो आणखी एक पुरावा होतो, की बघा, मला मदत लागते. म्हणून नवऱ्याने जीव तोडून कामं केली तरी तिला बरं वाटत नाही आणि मग तो चिडतो की एवढं करून काय उपयोग. दोघंही खरं बोलत असतात.

आणखी एक प्रश्न मी नेहमी विचारते, तुम्ही दोघं घरी एकमेकांना विचारू शकता. आज दिवसभरात कशाची वाट बघत होतीस? उत्तर मोठं असावं लागत नाही. अंघोळीची, मैत्रिणीच्या फोनची, बाळ झोपल्यावर दहा मिनिटं एकटं बसायची, काहीही चालतं. थकलेल्या बाईला झोपेची तरी वाट असते, खरं तर अगदी आतुरतेने असते. डिप्रेशनमध्ये या प्रश्नावर नुसती शांतता असते, कधी कधी ती स्वतःच चमकते की अरे, कशाचीच नाही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, बहुतेक रोज, दिवसाचा बराचसा वेळ असं असेल, जोडीला स्वतःला दोष देणं, झोप न लागणं, लक्ष न लागणं, सतत धास्ती असं असेल, तर थांबू नका, दाखवा. रडू येत नसेल तरी. बऱ्याच जणींना रडू येत नाही, नुसता राग येतो किंवा सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटतं, आणि घरचे म्हणतात रडत तर नाही, मग डिप्रेशन कसलं.

त्या बाईचा एडिनबरा स्कोअर ३० पैकी १७ आला. साधारण १० ते १३ च्या पुढे आम्ही नीट तपासणी करतो, नुसत्या स्कोअरवर निदान होत नाही, तो फक्त पुढे बघायला सांगतो. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, त्यात शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर एकूण स्कोअर कितीही कमी असला तरी मी तिथेच थांबून सरळ विचारते. तिलाही विचारलं, मरून जावं असं वाटतं का, कसं करायचं असं काही डोक्यात येतं का? नवरा दचकला. ती मात्र, मला वाटतं, हलकी झाली, म्हणाली की कधी कधी वाटतं सकाळी जागच आली नाही तर बरं, पण काही करायचं असं नाही. विचारल्याने हा विचार डोक्यात भरवला जात नाही, उलट इतके दिवस एकटीने वाहिलेलं बाहेर येतं, म्हणून तुमच्या मिस्टरांनी तुम्हाला हे सरळ शब्दांत विचारावं आणि तुम्ही सरळ उत्तर द्यावं असं मी आवर्जून सांगेन. उत्तर हो असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. कसं करायचं हेही मनात असेल तर तिला एकटी सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या आणि धोक्याच्या वस्तू हाताशी ठेवायच्या नाहीत आणि लगेच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीमध्ये जायचं.

अजून एक गोष्ट बायका मला अगदी शेवटी, दाराशी उठून गेल्यावर सांगतात. बाळ हातातून खाली पडतंय, आपणच त्याला काहीतरी करतोय अशी चित्रं डोळ्यांसमोर येतात. तुम्ही लिहिलं नाहीयेत पण येत असतील तर हे वाचा. असे नको असलेले विचार नव्या आयांना खूप वेळा येतात, ज्यांना डिप्रेशन नाही त्यांनाही. विचाराने तुम्हालाच शहारा येतो, तुम्ही जिन्यापासून लांब चालता, सुरी कपाटात ठेवून देता, म्हणजे तुमचं मन त्या विचाराच्या विरोधात उभं आहे. ही काळजीची बाजू आहे, डॉक्टरांना सांगितलं तर उपचार होतात आणि नुसतं असे विचार येतात म्हणून तुम्ही बाळाला धोका ठरत नाही. वेगळी आणि तातडीची अवस्था ती, की बाईला तो विचार बरोबर वाटायला लागतो, बाळ बदललंय, बाळात काहीतरी वाईट शक्ती आहे, आवाज मला सांगतायत असं ती म्हणते, दोन-दोन दिवस झोपत नाही तरी तिला झोपेची गरजच वाटत नाही, बोलणं तुटक किंवा भलतंच वेगात, मध्येच गोंधळलेली. त्याला पोस्टपार्टम सायकोसिस म्हणतात, हजारात एक-दोन जणींना होतो आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो. त्यात वाट बघायची नसते, तिला आणि बाळाला एकत्र एकटं ठेवायचं नसतं, सरळ इमर्जन्सी. वेळेत उपचार झाले तर बायका यातूनही पूर्ण बऱ्या होतात.

तपासण्यांबद्दल. मी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड दोन्ही करून घेते, कारण बाळंतपणात रक्त गेलेलं असतं आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत थायरॉइडला सूज येऊ शकते, आधी धडधड, चिडचिड, झोप नाही आणि नंतर सुस्ती, उदासपणा, म्हणजे हुबेहूब आपल्या विषयासारखं दिसतं. त्या बाईचा थायरॉइड नॉर्मल निघाला, हिमोग्लोबिन मात्र ९.४. नवरा म्हणाला, बघा, मी म्हणत होतो ना अशक्तपणा आहे. होताच. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. पण हिमोग्लोबिन कमी असल्याने जिना चढताना धाप लागते, आपण नसलेलं बरं असं त्याने एरवी वाटत नाही, म्हणून दुसरा उपचारही त्याच दिवशी सुरू केला.

दुसरा म्हणजे बोलण्याची थेरपी दर आठवड्याला, आणि तिच्या बाबतीत गोळीही. सौम्य डिप्रेशनमध्ये मी बऱ्याचदा फक्त थेरपीने सुरुवात करते. तिची झोप पार गेली होती आणि मरणाचे विचार होते म्हणून सर्ट्रालीन २५ मिलिग्रॅम, आठवड्याने ५०. हे मी समजावं म्हणून सांगतेय, कोणी स्वतःहून घेऊ नका. अंगावर पाजताना हे औषध आम्ही खूपदा निवडतो कारण दुधात ते फार कमी उतरतं, त्यासाठी पाजणं थांबवावं लागत नाही. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा आजारी असेल तर मात्र बाळाच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याचा फोन आला की गोळी लागू पडत नाहीये. या गोळ्यांना दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला आणखी जास्त, तोवर सुरुवातीला मळमळ किंवा थोडी अस्वस्थता होऊ शकते आणि नेमकं तेव्हाच लोक बंद करतात. तिची आधी झोप सुधारली, मग चिडचिड कमी झाली. बाळाकडे बघून आतून आनंद होणं सगळ्यात शेवटी आलं, दोन महिने होत आले होते तेव्हा, आणि तोवर तिला वाटत होतं की आपलं बाळावर प्रेमच नाही. हा क्रम बऱ्याच जणींत असाच दिसतो. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी गोळी चालू ठेवतो, लगेच सोडली तर परत घसरायची भीती असते.

आता तुमच्या मिस्टरांसाठी. तुम्ही "सगळ्यांनाच होतं" म्हणता ते धीर द्यायला म्हणता हे मला माहितीये. पण तिच्या कानाला ते असं ऐकू येतं की सगळ्या निभावतात, तूच कमी पडतेस, म्हणजे जे तिचं मन तिला आधीच सांगतंय त्यावर तुमची सही झाली. त्याऐवजी "तू म्हणतेस तर काहीतरी आहे, आपण दाखवून येऊ" एवढं पुरतं. मदत करू का असं विचारू नका, कारण डिप्रेशनमध्ये काय हवंय हे ठरवणंच अवघड जातं आणि उत्तर "नको" येतं. एखादं काम कायमचं आपल्याकडे घ्या, उदाहरणार्थ रात्री नऊ ते दोन बाळ माझं, आणि ते रोज करा. अपॉइंटमेंट तुम्ही घ्या, सोबत तुम्ही जा. आणि स्वतःकडेही बघा, बाळ झाल्यावर वडिलांनाही डिप्रेशन येतं, साधारण दहात एकाला, त्यात रडण्यापेक्षा चिडणं, ऑफिसमध्ये रेंगाळणं, घरी आल्यावर मोबाईलमध्ये डोकं घालणं असं जास्त दिसतं. तसं असेल तर तुम्हीही त्याच डॉक्टरांना सांगा.

जायचं कुठे, तर थेट सायकिॲट्रिस्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा, पण तिथे घाई असते आणि "सगळं ठीक ना?" वर आपण सवयीने हो म्हणून मोकळे होतो. म्हणून कागदावर लिहून न्या: कधीपासून आहे, बाळ झोपल्यावर झोप लागते का, दिवसभरात कशाची वाट बघता का, मरणाचे विचार आले का, आधी कधी डिप्रेशन झालं होतं का. आणि आयुष्यात कधी असे चार-सहा दिवस आले होते का की झोप न घेताही प्रचंड उत्साह, भराभर बोलणं, वारेमाप खर्च, किंवा जवळच्या नात्यात कोणाला बायपोलर, म्हणजे कधी असा अति उत्साह आणि कधी डिप्रेशन असा आजार आहे का, हे नक्की सांगा, कारण तसं असेल तर नुसती डिप्रेशनची गोळी त्रास वाढवू शकते आणि औषध वेगळं निवडावं लागतं.

बाऊ करताय का हे विचारलंय म्हणून शेवटी त्याचं उत्तर देते: नाही. नऊ आठवडे झालेत, संधी असून झोप लागत नाहीये आणि तुम्हाला स्वतःला काहीतरी वेगळं वाटतंय, दाखवायला एवढं कारण भरपूर आहे. या आठवड्यातली अपॉइंटमेंट घ्या, पाच तासांच्या झोपेचा प्रयोग तोवर चालू ठेवा आणि ते सकाळचं लिहिलेलं सोबत न्या. तपासणीत नुसता थकवा आणि कमी हिमोग्लोबिन निघालं तरी त्यालाही उपचार आहेतच.